एकाच प्लॅनला वीटकामाची तीन उत्तरं – शीट चुकली की मी?

कळवा_लोकल | मंगळवार, रात्री १०:४२

डिप्लोमा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंगचा पेपर अकरा दिवसांवर आलाय आणि मी सगळा अभ्यास सीनियर्सकडून आलेल्या सोडवलेल्या शीट्सवर करतोय. ठाणे स्टेशनच्या बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे या शीट्सचा गठ्ठाच मिळतो. आमच्याकडे निम्म्या वर्गाकडे तोच गठ्ठा आहे.

आज अडकलो. प्लॅन साधा आहे. शेजारी शेजारी दोन खोल्या, प्रत्येक आतून ४ मी. × ५ मी., मधे एक भिंत, सगळ्या भिंती ३० सेंमी जाड. जोत्यावर भिंतीची उंची ३ मी. पायात खड्डा ९० सेंमी रुंद आणि ९० सेंमी खोल, त्यात २० सेंमी काँक्रीट, मग ६० सेंमी रुंदीचा ४० सेंमी उंच थर, ५० रुंदीचा ३० उंच थर, आणि जमिनीवर ४० सेंमी रुंदीचं ६० सेंमी उंच जोतं.

जोत्यावरचं वीटकाम (दारं-खिडक्या वजा न करता):

पहिल्या शीटमधली सेंटर लाइनची पद्धत वापरून माझं उत्तर २९.७९ घ.मी.
दुसऱ्या शीटमध्ये हाच प्लॅन लाँग वॉल-शॉर्ट वॉलने सोडवलाय, तिथे २७.९० घ.मी.
माझ्या ग्रुपमधल्या मैत्रिणीने स्वतः सोडवलं, तिचं २९.५२ घ.मी.

शीटवर लाल पेनाने बरोबरची खूण आहे म्हणून मी २७.९० धरत होतो. पण जवळपास १.९ घनमीटरचा फरक कसा काय येतो?

---

शेवटचा_बेंच | रात्री ११:०५

मैत्रिणीचं बरोबर. तू टी-जंक्शनचं वजा करायला विसरलास. नियम पाठ करून टाक: जितकी जंक्शन्स तितक्या अर्ध्या रुंदी वजा. झालं. मागच्या वर्षी मी हेच केलं, पास झालो.

---

घणसोलीकर | रात्री ११:३१

मला इंजिनिअरिंगमधलं काही कळत नाही, पण धागा बघून विचारतो. आमच्या गावठाणातल्या घराला नवीन प्लास्टर केलंय. ठेकेदाराने अंदाजपत्रकात दरवाजांचं क्षेत्रफळ वजाच केलं नाही. पाच दारं आहेत, प्रत्येक साडेतीन बाय सात फूट. हे पैसे मागायचे का परत?

---

कळवा_लोकल | रात्री ११:३८

काका, माझा प्रश्न परीक्षेचा आहे. पण दारं वजा करण्यातही माझा गोंधळ आहेच, त्यामुळे कोणी सांगितलं तर दोघांचं काम होईल.

---

मोजपट्टी | बुधवार, सकाळी ७:१२

मी बावीस वर्षं बिलिंग केलंय, त्यातली बरीचशी घोडबंदर रोडच्या साइट्सवर. उत्तर तुझ्या मैत्रिणीचं बरोबर आहे. पण शेवटच्या बेंचने सांगितलेला नियम तसाच पाठ केलास तर पुढच्या प्लॅनला पुन्हा अडकशील, त्याकडे येतोच.

आधी तीन आकडे कुठे फाटले ते शोधू. वजाबाकी करत बसू नकोस, खोदाईच्या ओळीपासून तिन्हींची लांबी बघ. दुसऱ्या शीटच्या खोदाईच्या ओळीत काय लिहिलंय? लाँग वॉल आणि शॉर्ट वॉलची लांबी सांग. मग त्याच शीटमधली जोत्यावरच्या भिंतीची ओळ सांग.

---

कळवा_लोकल | सकाळी ७:५० (ट्रान्स-हार्बरमधून)

खोदाई: लाँग वॉल ९.५०, दोन नग. शॉर्ट वॉल ४.४०, तीन नग.
जोत्यावरची भिंत: लाँग वॉल ८.९०, दोन नग. शॉर्ट वॉल ४.४०, तीन नग.

---

मोजपट्टी | सकाळी ८:२०

सापडलं. तुझा प्लॅन समोर घे आणि सांग, खोलीची आतली लांबी किती?

---

कळवा_लोकल | सकाळी ८:२४

५ मी. अरे हो! भिंत ४.४० ची कशी असेल?

---

मोजपट्टी | सकाळी ९:०२

बरोबर पकडलंस. जोत्यावर आलं की शॉर्ट वॉल म्हणजे दोन लाँग वॉलच्या मधली मोकळी जागा, म्हणजे प्लॅनवर लिहिलेलं आतलं माप. ते ५.००च यायला हवं. आणि लाँग वॉल म्हणजे बाहेरून बाहेर: ०.३० + ४ + ०.३० + ४ + ०.३० = ८.९०. ज्याने शीट लिहिली त्याने खोदाईला ४.४० बरोबर काढलं आणि मग कॉलम खाली उतरवताना शॉर्ट वॉलचा आकडा तसाच ओढला. लाँग वॉल मात्र प्रत्येक थराला कमी केली. हे फार जणांचं होतं, कारण डोक्यात 'वर जाऊ तसं लांबी कमी होते' एवढंच बसलेलं असतं. ते लाँग वॉलपुरतं खरं. थराची रुंदी घटली की लाँग वॉल आखडते आणि तेवढीच शॉर्ट वॉल वाढते, कारण तिच्या दोन्ही टोकांची जागा मोकळी होते.

तू मध्यरेषेवरून काढ. दोन मध्यरेषांमधलं अंतर आडवं ४.३० आणि ४.३०, उभं ५.३०. खोदाई ०.९० रुंद, म्हणून लाँग वॉल ८.६० + ०.९० = ९.५०, शॉर्ट वॉल ५.३० − ०.९० = ४.४०. पहिला थर ०.६० रुंद: ९.२० आणि ४.७०. भिंत ०.३०: ८.९० आणि ५.००. प्रत्येक ओळीत रुंदी एकीकडे मिळवायची, दुसरीकडे वजा करायची, एवढंच.

आता तुझ्या शीटची खोदाई बरोबर येते, २६.०८ घ.मी. काँक्रीटही बरोबर येतं, कारण रुंदी तीच ०.९०. पहिल्या थरापासून चुकते. खरं ७.८०, शीटमध्ये ७.५८ असणार. बघून सांग.

---

कळवा_लोकल | सकाळी ९:१०

७.५८ आहे. 🙏 म्हणजे लाल पेनाची खूण कुणी केली?

---

निशिगंधा_सानपाडा | सकाळी ९:४४

ती खूण झेरॉक्सच्या तिसऱ्या पिढीतली असेल. मी डिग्रीला आहे, आमच्याकडे हाच पेपर क्वांटिटी सर्व्हे, एस्टिमेशन अँड व्हॅल्युएशन नावाने येतो आणि तीच शीट आमच्या ग्रुपवरही फिरतेय. वरच्या कोपऱ्यात चहाचा डाग आहे ना?

---

कळवा_लोकल | सकाळी ९:४६

हो!!! गोल डाग!

---

वाशीची_रेखा | दुपारी १:३०

मी हा विषय शिकवते. मोजपट्टींनी सांगितलेली तपासणी (जोत्यावर शॉर्ट वॉल = आतलं माप, लाँग वॉल = बाहेरचं माप) मुलांना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते, कारण त्याला दोन सेकंद लागतात.

आता पहिल्या शीटबद्दल. कळवा_लोकल, ती शीट एकाच खोलीची आहे का?

---

कळवा_लोकल | दुपारी १:४१

हो मॅडम. एक खोली, ३.६० × ४.२०.

---

वाशीची_रेखा | दुपारी २:१५

म्हणून त्यात वजाबाकीच नाही. ती शीट तिच्या जागी बरोबर आहे, तू ती दोन खोल्यांवर चढवलीस. एका खोलीला फक्त चार कोपरे असतात. कोपऱ्यात काही वजा का करत नाही ते एकदा कागदाच्या दोन पट्ट्या घेऊन बघ. एकीचं टोक दुसरीच्या मध्यरेषेवर ठेव, काटकोनात. आतल्या बाजूला एक छोटा चौकोन दोनदा मोजला जातो. पण बाहेरच्या कोपऱ्यात तेवढाच चौकोन मोजायचा राहतो. दोन्ही अर्धी रुंदी × अर्धी रुंदी, त्यामुळे हिशेब फिटतो.

मधली भिंत बाहेरच्या भिंतीला येऊन टेकते तिथे मात्र बाहेर काही उरत नाही, कारण बाहेरची भिंत सरळ पुढे गेलेली असते. मधल्या भिंतीच्या मध्यरेषेचा शेवटचा तुकडा आधीच मोजलेल्या भिंतीच्या पोटात असतो, म्हणून तो काढायचा. तुझ्या प्लॅनला असे दोन जोड आहेत.

मध्यरेषेची एकूण लांबी: आडव्या दोन × ८.६० = १७.२०, उभ्या तीन × ५.३० = १५.९०, मिळून ३३.१० मी. ही लांबी सगळ्या थरांना तीच. वजा होणारी रुंदी मात्र थरागणिक बदलते:

```
खोदाई    ०.९०   ३३.१० − ०.९० = ३२.२०   × ०.९० × ०.९० = २६.०८
काँक्रीट   ०.९०   ३२.२०               × ०.९० × ०.२० =  ५.८०
थर १     ०.६०   ३२.५०               × ०.६० × ०.४० =  ७.८०
थर २     ०.५०   ३२.६०               × ०.५० × ०.३० =  ४.८९
जोतं      ०.४०   ३२.७०               × ०.४० × ०.६० =  ७.८५
भिंत      ०.३०   ३२.८०               × ०.३० × ३.०० = २९.५२
```

आणि लाँग-शॉर्टने भिंत: १७.८० + १५.०० = ३२.८०. जुळलं. मुलांनी पेपरात एका पद्धतीने सोडवावं आणि कोपऱ्यात पेन्सिलीने दुसरीने फक्त लांबीची बेरीज ताडून बघावी. पूर्ण परिमाण पुन्हा काढायची गरज नाही.

---

शेवटचा_बेंच | दुपारी ३:००

मी पण हेच म्हणालो होतो. जंक्शन मोजा, प्रत्येकी अर्धी रुंदी. दोन जंक्शन्स, म्हणून एक रुंदी. चार खोल्या असतील (दोन-दोनच्या जोडीत) तर पाच जंक्शन्स, म्हणजे अडीच रुंदी. सोपं आहे.

---

मोजपट्टी | संध्याकाळी ६:४५

यासाठीच सकाळी म्हणालो होतो. चार खोल्यांच्या प्लॅनला मध्यभागी दोन भिंती एकमेकींना छेदतात. तो टी नाही, अधिकचं चिन्ह आहे. तिथे एक भिंत सरळ आरपार जाते आणि दुसरीचे दोन हात दोन्हीकडून येऊन तिला टेकतात. प्रत्येक हाताची अर्धी रुंदी, म्हणजे तिथे पूर्ण रुंदी वजा. बाहेरच्या भिंतींवर चार टी, त्यांच्या दोन रुंदी. एकूण तीन.

आकड्यात बघ. चार खोल्या, प्रत्येकी ३ × ४, भिंत ०.३०. मध्यरेषांतलं अंतर ३.३० आणि ४.३०. आडव्या तीन × ६.६० = १९.८०, उभ्या तीन × ८.६० = २५.८०, एकूण ४५.६०. भिंतीच्या थराला तीन रुंदी म्हणजे ०.९० वजा, उत्तर ४४.७०. तुझ्या अडीचने ४४.८५ येईल.

आता तुकडे जोडून ताडा: बाहेरच्या दोन आडव्या ६.९० च्या, १३.८०. बाहेरच्या दोन उभ्या, आतून ८.३० च्या, १६.६०. मधली आडवी ६.३०. मधली उभी दोन तुकड्यांत, ४.०० + ४.००. बेरीज ४४.७०. पंधरा सेंटिमीटरचा फरक म्हणजे फार काही नाही, पण खोदाईला रुंदी ०.९० घेतलीस की तोच फरक ४५ सेंटिमीटरचा होतो.

दुसरी गोष्ट कुठल्याच शीटमध्ये नसते, कारण तिथे सगळ्या भिंती एकाच जाडीच्या असतात. मधली भिंत २० सेंमी आणि बाहेरची ३० सेंमी असेल तर 'अर्धी रुंदी' कोणाची?

---

शेवटचा_बेंच | संध्याकाळी ६:५८

मधल्या भिंतीची. तीच येऊन टेकतेय ना.

---

निशिगंधा_सानपाडा | संध्याकाळी ७:०६

नाही, जिच्यावर टेकतेय तिची. मधल्या भिंतीचा शेवटचा तुकडा बाहेरच्या भिंतीच्या पोटात किती घुसलाय हे बाहेरच्या भिंतीच्या जाडीवर ठरणार. ५.३० मधून दोन्ही टोकांना १५-१५ सेंमी, ५.०० उरतं. आतलं माप ५.००. मधल्या भिंतीची अर्धी रुंदी घेतली तर ५.१० येईल आणि ते दिसतंच चुकीचं आहे.

---

मोजपट्टी | संध्याकाळी ७:१०

+१. आणि पायाच्या रुंदी वेगवेगळ्या असतील तर तिथे सेंटर लाइन सोडून सरळ लाँग-शॉर्टवर ये. प्रत्येक भिंतीची लांबी वेगळी लिहायला चार ओळी जास्त लागतात, पण डोकं शाबूत राहतं.

---

कळवा_लोकल | रात्री ९:२०

हे कळलं. आता दारं-खिडक्या. माझ्या प्लॅनला दोन दारं १.०० × २.१० (एक बाहेरचं, एक मधल्या भिंतीतलं), तीन खिडक्या १.२० × १.२०, सगळ्यांवर १५ सेंमी जाड लिंटेल, दोन्हीकडे १५ सेंमी टेकू. शिवाय दोन छोटी झरोक्याची भोकं ०.३० × ०.३०.

शीटमध्ये झरोकेही वजा केलेत आणि प्लास्टरमधून दारं-खिडक्या दोन्ही बाजूंनी वजा केल्यात. बरोबर की तेही डागवाल्याचं?

---

शेवटचा_बेंच | रात्री ९:३४

आयएस १२०० प्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंत काहीच वजा करायचं नाही. झरोके सोडून दे.

---

वाशीची_रेखा | रात्री १०:१०

झरोके सोडायचे हे बरोबर, पण कारण दुसऱ्या कामाचं लागलं. अर्धा चौ.मी.ची मर्यादा प्लास्टरची आहे. वीटकामात ती ०.१ चौ.मी. असते. तुझा झरोका ०.०९ चौ.मी., म्हणून थोडक्यात सुटला. ०.४० × ०.४० असता तर ०.१६ होऊन वीटकामातून वजा झाला असता आणि प्लास्टरमधून मात्र नसता. मुलं नेमके इथेच मार्क घालवतात, कारण दोन्ही कामं एकाच शीटवर लागोपाठ असतात.

वीटकामातली वजाबाकी: दारं २ × १.०० × २.१० × ०.३० = १.२६. खिडक्या ३ × १.२० × १.२० × ०.३० = १.३०. लिंटेल दाराचं १.३० लांब, खिडकीचं १.५० लांब, पाचही मिळून ०.३२. एकूण २.८८. निव्वळ २९.५२ − २.८८ = २६.६४ घ.मी.

लिंटेलची लांबी उघडीप अधिक दोन्हीकडचा टेकू, हे विसरू नकोस. तुझ्या शीटमध्ये ते बघून सांग.

---

कळवा_लोकल | रात्री १०:१८

लिंटेल बरोबर आहे. कमाल आहे, एक तरी गोष्ट बरोबर आहे.

---

मोजपट्टी | गुरुवार, सकाळी ७:३०

प्लास्टर मी सांगतो, कारण घणसोलीकरांचंही त्यात येईल.

आतून: प्रत्येक खोलीचा घेर १८ मी., उंची ३, दोन खोल्या, १०८ चौ.मी. बाहेरून: ८.९० आणि ५.६० चा घेर २९ मी. × ३ = ८७ चौ.मी. (जोत्याचा भाग प्रश्नात विचारला असेल तर वेगळा).

उघडिपीचं क्षेत्रफळ ०.५ ते ३ चौ.मी.च्या मधे असेल तर वजाबाकी फक्त एका बाजूची, आणि चौकटीच्या कडेचं, वरचं, खालचं प्लास्टर वेगळं मोजायचं नाही. एका बाजूचं जे वजा होत नाही ते त्या कडांच्या बदल्यात, असा साधा सौदा आहे. तुझी दारं २.१० आणि खिडक्या १.४४, सगळी या मधल्या गटातली. एका बाजूचं ८.५२ चौ.मी. आतून-बाहेरून एकच प्लास्टर असेल तर १९५ − ८.५२ = १८६.४८ चौ.मी. शीटने १७.०४ वजा केलं असणार. दोन्ही बाजू वजा करायची ती ३ चौ.मी.च्या वरच्या उघडिपीला, आणि मग कडा मोजून मिळवायच्या. शीटवाल्याने वजाबाकी मोठ्या उघडिपीची घेतली आणि कडा मिळवल्याच नाहीत.

पण प्रश्नात आतून १२ मिमी आणि बाहेरून २० मिमी सँड फेस दिलं असेल, जे आपल्याकडे हमखास असतं, तर दोन कामांच्या दोन ओळी होतात आणि 'एक बाजू' म्हणजे कोणती हा प्रश्न येतो. चौकट भिंतीत कुठे बसलीय ते बघ. ज्या बाजूला चौकटीपासून भिंतीच्या कडेपर्यंत कमी रुंदी उरलीय त्या बाजूचं प्लास्टर वजा करायचं. चौकट आतल्या तोंडाला टेकून बसली असेल तर आतलं वजा, बाहेरचं नाही. चौकट बरोबर मधोमध असेल तर दोन्हीकडून निम्मं-निम्मं.

---

घणसोलीकर | सकाळी ८:४०

म्हणजे मला एका बाजूचे पैसे परत मिळायला हवेत? साडेतीन बाय सात म्हणजे साडेचोवीस फूट, पाच दारांचे १२२.५ चौ. फूट. ठेकेदार म्हणतो, "आम्ही भरून मोजतो, चौकटीच्या कडा फुकट करून देतो."

---

मोजपट्टी | सकाळी ९:१५

दार २.२८ चौ.मी. होतं, म्हणजे मधल्या गटातलंच. आयएसच्या मोजणीने एका बाजूचं वजा व्हायला हवं. पण खाजगी कामात तुमच्यात जे ठरलं तेच चालतं. 'मोजणी आयएस १२०० प्रमाणे' असं कुठे लिहिलंय का?

---

घणसोलीकर | सकाळी ९:२२

कुठेच काही लिहिलेलं नाही. ब्रासचा दर ठरला तोंडी, ओट्यावर बसून.

---

मोजपट्टी | सकाळी ९:३०

मग बोलूनच बघा. पुढच्या वेळी दरासोबत 'वजाबाकी कशी' हे एका ओळीत लिहून घ्या.

---

निशिगंधा_सानपाडा | सकाळी ११:०५

आता कॉस्टिंगचं विचारते. १० घ.मी. वीटकाम, १:६ चा मसाला, सिमेंटच्या गोण्या किती? पहिल्या शीटमध्ये कोरडा मसाला ३.०० घ.मी. घेतलाय. दुसरीकडे ओला २.५० घेऊन त्यावर तीस टक्के वाढवलेत, म्हणजे ३.२५. पहिल्याने १२.३४ गोण्या येतात, दुसऱ्याने १३.३७. कुठलं लिहू?

---

वाशीची_रेखा | दुपारी १२:४०

दोन्ही चालतात, गृहीतक लिही. 'कोरडा मसाला दर १० घ.मी.ला ३.०० घ.मी. धरला' ही ओळ आधी, मग ३.०० ÷ ७ = ०.४२८६ घ.मी. सिमेंट, × १४४० = ६१७ किलो, ÷ ५० = १२.३४ गोण्या. वाळू त्याच्या सहापट, २.५७ घ.मी. विटा १९ × ९ × ९ च्या असतील तर मसाल्यासकट २० × १० × १० धरून ५००० नग. मी तपासताना गृहीतक लिहिलेलं असेल तर मार्क कापत नाही.

---

मोजपट्टी | दुपारी १:२०

मॅडम, पूर्ण सहमत नाही. ५००० विटांचं नुसतं घनफळ ७.७० घ.मी. भरतं. उरलं २.३०. विटेतला खड्डा भरतो, थोडा मसाला खाली पडतो, ते धरून ओला अडीचच्या आसपास जातोच. तो कोरड्यात नेला की ३.०० कमी पडतो. साइटवर मी ३.०० धरून सिमेंट मागवलं असतं तर गवंड्याने दुपारीच आरडाओरडा केला असता.

---

वाशीची_रेखा | दुपारी १:४५

साइटवर असेल. पण बऱ्याच नमुना उत्तरांमध्ये ३.०० आहे आणि परीक्षक ते समोर ठेवून बसतो. मुलीला १२.३४ लिहायला सांगेन.

---

मोजपट्टी | दुपारी १:५०

आणि मी १३.३७. निशिगंधा, तू ठरव. गृहीतकाची ओळ मात्र दोन्हीकडे लिही.

---

निशिगंधा_सानपाडा | दुपारी २:०२

आमचे सर कुठल्या बाजूचे आहेत ते उद्या विचारते.

---

शेवटचा_बेंच | दुपारी २:१०

शीटमधल्या दरांचं काय? गठ्ठ्यातल्या एका शीटमध्ये सिमेंटची गोणी तीनशेच्या आत आहे. मी तेच दर लिहून आलो होतो.

---

वाशीची_रेखा | दुपारी २:३०

प्रश्नपत्रिकेत दर दिले असतील तर तेच घ्यायचे, शीटमधले नाही. दिले नसतील तर 'सदर दर गृहीत धरले' लिहून बाजारभावाच्या जवळचे घ्या. तुझे मार्क तिथे गेले असतील तर आश्चर्य नाही.

---

कळवा_लोकल | रात्री ११:१५

गठ्ठ्यातल्या सात शीट्स काढून बसलो. प्रत्येकीत फक्त जोत्यावरच्या भिंतीची ओळ बघितली: शॉर्ट वॉल = आतलं माप का, लाँग वॉल = बाहेरचं माप का. तीन शीट्समध्ये शॉर्ट वॉल खोदाईचीच ओढलीय. तिन्हींचं अक्षर एकच आहे. एका शीटमध्ये उलट, लाँग वॉल सगळीकडे तीच ठेवलीय. दोन बरोबर. सातवी व्हरांड्याची आहे, त्यात दोन खांब आहेत आणि व्हरांड्याच्या पुढच्या बाजूला भिंतच नाही, फक्त जोतं आहे.

म्हणजे पाया आणि जोत्याला टी-जंक्शन जास्त आणि वरच्या भिंतीला कमी? शीटमध्ये सगळ्या थरांना चारच घेतलीत.

---

मोजपट्टी | शुक्रवार, सकाळी ७:०५

प्लॅनचा फोटो टाक. थराथराला जंक्शन्स वेगळी मोजावी लागतील, तू बरोबर दिशेने विचार करतोयस. आधी स्वतः मोजून लिही, जोत्याला किती आणि भिंतीला किती. मी ऐरोलीला पोचलो की बघतो.